‘एकदा डोळ्याखालून घाला’ म्हटलं की लोक तेवढंच करतात

आमच्या ऑफिसमध्ये ग्राहकांच्या नोंदी जुन्या सिस्टीममधून नव्या सिस्टीममध्ये हलवायच्या होत्या. त्याचा ३४ पानांचा आराखडा मी लिहिला आणि तिघा सहकाऱ्यांना ‘प्लीज रिव्ह्यू करा’ म्हणून पाठवला. एकाने पहिल्या पाच पानांतलं शुद्धलेखन दुरुस्त केलं. दुसरीने ‘छान झालंय’ असं कळवलं. तिसरे माझ्याहून बरेच सीनियर आहेत, त्यांचं उत्तरच आलं नाही. प्रत्यक्ष नोंदी हलवल्या त्या रात्री पहाटे ४ वाजता तपासणीत गडबड दिसली. आम्ही बॅकअपवरून जुनी सिस्टीम परत आणायला घेतली आणि ती सकाळी ६ ऐवजी साडेसातला सुरू झाली. आता मॅनेजर म्हणतात, पुढच्या वेळी कुणी कोणते सेक्शन बघायचे ते नेमकं लिहून दे. पण मला तर सगळेच सेक्शन महत्त्वाचे वाटतात. शिवाय सीनियर माणसाला ‘तुम्ही एवढंच वाचा’ असं सांगायचं तरी कसं? वेळापत्रकाचा सेक्शन ४.२ आणि परतीच्या योजनेचा सेक्शन ६.१ सोबत जोडला आहे.

*

तुम्ही जोडलेली पानं मी वाचली आणि एका कोऱ्या कागदावर वेळा एकाखाली एक लिहिल्या. रात्री १० ला सिस्टीम बंद. बॅकअपला एक तास, म्हणजे ११. नोंदी हलवायला साडेतीन तास, म्हणजे अडीच. तपासणीला दीड तास, म्हणजे ४. इथपर्यंत सेक्शन ४.२. मग ६.१ उघडलं. तिथे लिहिलंय की तपासणीत अडचण आल्यास बॅकअपवरून पूर्ववत करावे, त्यास साडेतीन तास लागतील. ४ आणि साडेतीन, साडेसात. त्या सकाळी जे घडलं ते तुमच्या डॉक्युमेंटमध्ये आधीपासून लिहिलेलं होतं, फक्त दोन वेगवेगळ्या जागी.

मॅनेजरचा सल्ला बरोबर आहे, पण या हिशेबाकडे पाहिलं तर तो अर्धाच आहे हेही दिसतं. समजा तुम्ही ‘कृपया सेक्शन ६.१ नीट बघा’ असं लिहिलं असतं. वाचणाऱ्याने ६.१ मन लावून वाचलं असतं आणि त्यात काहीच चुकीचं सापडलं नसतं, कारण ६.१ मध्ये चूक नाहीच. ४.२ मध्येही नाही. चूक आहे ती या दोघांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेला सेक्शन नंबर नसतो. सेक्शनचं नाव घेताना त्याच्यासोबत प्रश्नही द्यावा लागतो, तो याच कारणासाठी. ‘४.२ मधल्या वेळा धरल्या, तर ६.१ प्रमाणे परत येऊन सकाळी ६ ला सिस्टीम सुरू होते का? किती वाजता सुरू होईल ते लिहून पाठव.’ एवढं विचारलं असतं, तर उत्तर देणाऱ्याला दोन्ही पानं उघडून बेरीज करावीच लागली असती. आणि बेरीज केली की ‘छान झालंय’ म्हणता आलं नसतं.

ही माझी युक्ती नव्हे. डेव्हिड पार्नास आणि डेव्हिड वाइस या दोन सॉफ्टवेअर-तज्ज्ञांनी १९८५ मध्ये नेमकी हीच गोष्ट मांडली होती. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत ए-७ या लढाऊ विमानाच्या सॉफ्टवेअरचं काम चाललं होतं आणि त्याचे जाडजूड आराखडे तपासून घ्यायचे होते. नेहमीच्या पद्धतीत सगळ्यांना सगळं वाचायला द्यायचं, मग एका खोलीत बसवून ‘काही हरकती?’ असं विचारायचं. त्यात माणसं गप्प बसतात, नाहीतर किरकोळ गोष्टींवर बोलतात. यांनी तो क्रम उलटा केला. ज्याला ज्यातलं कळतं त्याला तेवढाच भाग द्यायचा आणि सोबत अशी प्रश्नावली द्यायची, की डॉक्युमेंट वापरल्याशिवाय उत्तरच लिहिता येऊ नये. ‘हे बरोबर आहे का?’ या प्रश्नाला न वाचताही ‘हो’ म्हणता येतं. ‘अमुक परिस्थितीत काय होईल ते लिहा’ याला येत नाही.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांना मी फारसा दोष देत नाही. शुद्धलेखन दुरुस्त करणाऱ्याने कामचुकारपणा केला असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. त्याला ३४ पानं मिळाली, काय शोधायचं ते सांगितलेलं नव्हतं, तेव्हा त्याने जे कुणालाही शोधता येतं ते शोधलं. पाचव्या पानावर दमला. मीही या बाकावर बसलेलो आहे. एकदा एका मित्राने साठेक पानांचा प्रस्ताव ‘जरा नजर टाक’ म्हणून पाठवला होता. मी प्रस्तावना वाचली, अनुक्रमणिका चाळली, मधला एक तक्ता पाहून मान डोलावली आणि ‘उत्तम’ म्हणून कळवलं. त्याने नजर टाकायला सांगितली होती, मी टाकली.

आता ‘सगळेच सेक्शन महत्त्वाचे वाटतात’ याकडे वळतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. महत्त्वाचे असतीलही. पण दुसऱ्याच्या नजरेची गरज सगळ्यांना सारखी नसते. डॉक्युमेंट छापून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन स्वतः वाचा. तीन ठिकाणी समासात खूण करायची. एक, जिथे तुम्ही अंदाज केला आहे, म्हणजे आकडा मोजलेला नाही, कुणीतरी बोलता बोलता सांगितलेला आहे. दुसरी, जिथे तुम्ही दुसऱ्याच्या कामाबद्दल लिहिलंय. तुमच्या आराखड्यात बॅकअप घेणारी माणसं वेगळी आहेत, तरी त्यांच्या वेळा तुम्हीच लिहिल्या आहेत. आणि तिसरी, जिथे चूक झाली तर मागे फिरता येत नाही. ज्या परिच्छेदाशेजारी दोन किंवा तीन खुणा पडल्या, तो दुसऱ्याकडे पाठवायचा. प्रस्तावना, पार्श्वभूमी, व्याख्या यांच्याशेजारी बहुधा एकही खूण पडणार नाही. ३४ पानांतून चार-पाच पानं उरली तर निवड जमली असं समजा. पंधरा उरली तर पुन्हा पेन्सिल घ्या, कारण एका माणसाला दोन-तीन सेक्शनपेक्षा जास्त नेमून दिले की पुन्हा ‘सगळं वाचा’ असाच त्याचा अर्थ होतो.

या खुणा करताना एक मोह आवरावा लागतो. आपण जे सेक्शन दाखवतो, ते बऱ्याचदा आपले चांगले जमलेले सेक्शन असतात. ज्याच्याबद्दल धाकधूक आहे तो भाग कुणाच्या नजरेस पडू नये असंच वाटतं. मी एकदा एका अहवालातला खर्चाचा तक्ता असाच लपवला होता. खोटं काही नव्हतं त्यात, पण दोन ओळी मलाच पटत नव्हत्या. ‘विश्लेषणाचा भाग बघाल का’ असं सांगून पाठवला. लोकांनी विश्लेषण बघितलं, वाखाणलंही. पुढे तक्त्यातल्या त्याच दोन ओळींवरून अहवाल परत आला. ज्या सेक्शनचं नाव लिहिताना बोटं अडखळतात, त्याचंच नाव यादीत पहिलं हवं.

आता प्रत्यक्ष निरोप. तुमच्या बरोबरीच्या सहकारी आहेत, ज्यांनी ‘छान झालंय’ लिहिलं, त्यांना मी असं लिहिलं असतं:

‘पूर्ण आराखडा जोडलाय, पण तुझ्याकडून मला त्यातली फक्त ३ पानं वाचून हवी आहेत. साधारण अर्धा तास लागेल. सेक्शन ४.२ “रात्रीचं वेळापत्रक” आणि सेक्शन ६.१ “परतीची योजना” शेजारी-शेजारी उघडून वाच. प्रश्न १: तपासणी संपल्यावर गडबड कळली, तर जुनी सिस्टीम किती वाजता सुरू होईल? वेळ लिहून पाठव. प्रश्न २: ६.१ मधले साडेतीन तास हा माझा अंदाज आहे, कुणी मोजलेला नाही. तुझ्या माहितीत याला किती लागले आहेत? कोणती सिस्टीम घ्यायची हे वर मंजूर झालंय, त्यावर वेळ घालवू नकोस. शुद्धलेखन मी शेवटी बघेन. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय, कारण शुक्रवारी सकाळी हे मंजुरीला जातंय.’

यात एकही शब्द शोभेचा नाही, म्हणून थोडं उलगडून सांगतो. ‘३ पानं, अर्धा तास’ सुरुवातीलाच आहे, कारण ३४ पानांची फाइल उघडली की माणूस ती ‘निवांत वेळ मिळाल्यावर’ या खात्यात टाकतो आणि ते खातं कधी उघडत नाही. सेक्शनचा नंबर आहे आणि नावही आहे, पान नंबर मात्र नाही. एकाच्या स्क्रीनवर जे एकोणिसावं पान असतं ते दुसऱ्याकडे फॉन्ट बदलला की विसावं होतं, आणि मध्ये एक सेक्शन वाढला की नंबरही पुढे सरकतात. नाव सोबत असलं की चुकीच्या जागी पोचलेला माणूस स्वतःच थांबतो. दुसऱ्या प्रश्नात ‘हा माझा अंदाज आहे’ हे उघड सांगितलंय. छापलेल्या मजकुरात अंदाज आणि मोजलेला आकडा अगदी एकसारखे दिसतात. तुम्ही सांगितलं नाही तर वाचणारा साडेतीन तास हे मोजलेलेच धरून पुढे जाईल.

काय मंजूर झालंय ते सांगणंही तितकंच कामाचं. नाहीतर जाणकार माणूस हमखास त्या मूळ निर्णयावरच घसरतो, ‘ही सिस्टीम का घेतली?’, आणि त्याचा अर्धा तास तिथेच संपतो. त्याचं म्हणणं रास्तही असू शकेल, पण त्याला त्याची वेगळी वेळ द्या.

आता सीनियर. ‘तुम्ही एवढंच वाचा’ हे वाक्य उद्धट वाटतं ते त्यातल्या ‘एवढंच’मुळे. त्याच्या जागी ‘तुम्हीच का’ हे लिहिलं असतं, तर सगळा सूर बदलला असता:

‘सर, पूर्ण आराखडा सोबत जोडला आहे. त्यातल्या सेक्शन ६.१ “परतीची योजना” या दीड पानाबद्दल तुमचं मत मिळालं तर मोठी मदत होईल, कारण बॅकअपवरून सिस्टीम परत आणण्याचं काम आमच्यापैकी कुणीच प्रत्यक्ष केलेलं नाही, तुम्ही केलं आहे. माझा प्रश्न एकच आहे: यात कोणती पायरी राहिली आहे? बाकीचे सेक्शन इतर दोघं बघत आहेत. तुम्हाला लिहिण्यापेक्षा बोलणं सोयीचं असेल तर बुधवारी दहा मिनिटं येऊन भेटतो.’

इथे तुम्ही त्यांना कमी वाचायला सांगत नाही, त्यांच्या अनुभवाशी जुळणारा भाग त्यांच्यापुढे ठेवताय. ‘बाकीचे सेक्शन इतर बघत आहेत’ या वाक्याने त्यांच्यावरचं ओझंही उतरतं. तुमच्या पहिल्या निरोपात तिघांनाही एकच मजकूर गेला होता. तेव्हा प्रत्येकाने मनात धरलं असणार की उरलेले दोघं नीट वाचतील. आणि प्रश्न ‘काही राहिलंय का?’ असा नाही, ‘कोणती पायरी राहिली आहे?’ असा आहे. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं एका शब्दात संपतं. दुसऱ्यात काहीतरी राहिलंच आहे असं गृहीत धरलेलं आहे, आणि ते शोधायला अनुभवी माणसाला मजा येते. भेटण्याची तयारी दाखवली तीही मुद्दाम. सीनियर लोकांचं मौन म्हणजे नेहमी नापसंती नसते, त्यांना टाइप करायचा कंटाळा असतो.

या पद्धतीचा एक तोटा आहे. बोट दाखवलं की लोक बोटाच्या दिशेनेच बघतात. तुम्ही ज्यावर शंका घेतली नाही, तिथली चूक मग कुणालाच दिसत नाही, आणि ज्यावर शंकाच आली नाही ते तुम्ही नाव घेऊन सांगणार तरी कसं? यासाठी तिघांपैकी एकाला सेक्शन सांगायचेच नाहीत. त्यालाही मोकळं सोडू नका, प्रश्न मात्र पूर्ण डॉक्युमेंटचा द्या: ‘त्या रात्री तू एकटाच आहेस आणि हातात फक्त हे डॉक्युमेंट आहे असं समजून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच. जिथे थांबून कुणाला तरी फोन करावा लागेल, तिथे खूण कर.’ या कामाला विषयातला तज्ज्ञ नको, उलट काम करणारा पण आराखड्यात नसलेला माणूस हवा. शुद्धलेखन दुरुस्त करणारे तुमचे सहकारी यासाठी चांगले आहेत, असं मला त्यांच्या पाच पानांवरून वाटतं. ओळ न् ओळ वाचणारा माणूस आहे तो. याला वेळ मात्र जास्त लागणार, दोन-अडीच तास धरा, आणि तेवढा वेळ मागतोय हे आधीच सांगा.

उत्तरं आली की ती खरोखर वाचून दिलेली आहेत का, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. डॉक्युमेंटमध्ये नसलेली एखादी गोष्ट उत्तरात आहे का ते बघा: एखादी वेळ, एखादं नाव, ‘मागच्या वेळी पाच तास लागले होते’ अशी एखादी आठवण. कमेंट कुठे पडल्या आहेत तेही बघा. सगळ्या पहिल्या काही पानांत आणि मग शुकशुकाट, म्हणजे वाचणारा तिथेच थांबला. प्रश्नाला आकडा मागितला होता आणि ‘ठीक वाटतंय’ असं आलं, तर पुन्हा मेल नको. फोन करा आणि विचारा, ‘किती वाजता आला तुझा हिशेब?’ आणि रिव्ह्यू चालू असताना त्या सेक्शनना हात लावू नका. ज्या वाक्यावर कुणी कमेंट लिहितंय तेच वाक्य तुम्ही तिकडे पुसून टाकलंत, तर ती कमेंट कशाबद्दल होती ते पुढे कुणालाच कळत नाही.

राहता राहिलं तुमचं डॉक्युमेंट. नोंदी हलवायचं काम पुन्हा करावंच लागणार, तेव्हा ४.२ मध्ये आता एक ओळ वाढवा: मागे फिरण्याची शेवटची वेळ. सकाळी ६ मधून साडेतीन तास वजा केले की अडीच येतात. तुमच्या वेळापत्रकात अडीचला नोंदी हलवून नुकत्याच झालेल्या असतात आणि तपासणी सुरूही झालेली नसते. म्हणजे तपासणीत काय निघालं हे कळेपर्यंत मागे फिरण्याची वेळ टळून गेलेली असते. रात्री ८ ला सिस्टीम बंद केली तर तपासणी २ ला संपते, आणि परत यावं लागलं तरी साडेपाचला सिस्टीम चालू होते. अर्धा तास हाताशी राहतो. तोही पुढच्या वेळी साडेतीन तासच लागले तरच, आणि तेवढे लागल्याचा अनुभव अजून त्या एकाच रात्रीचा आहे.

पण ८ ला बंद करता येईल का, याचं उत्तर तुमच्या तिघांपैकी कुणाकडेच नाही. ते संध्याकाळी ग्राहकांचे फोन घेणाऱ्यांकडे आहे आणि त्यांना हा आराखडा अजून कुणी दाखवलेला दिसत नाही. त्यांना ३४ पानं पाठवू नका. सेक्शन ४.२ चा तेवढा तक्ता पाठवा आणि विचारा, ८ ते १० या वेळात तुमचं कोणतं काम अडेल.